आधी कोणता पेपर?

चार विभागांचं एक छोटं कॉलेज धरू: अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल आणि मराठी. प्रत्येक विभागात साठ विद्यार्थी, म्हणजे सगळे मिळून २४०. प्रत्येकाला दोनच पेपर आहेत. एक स्वतःच्या विभागाचा मुख्य पेपर आणि दुसरा ओपन इलेक्टिव्ह, ज्याला कॉलेजात सगळे नुसतं ‘ओई’ म्हणतात. नव्या शैक्षणिक धोरणात ओई आपल्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. इथे हिशेब आटोपशीर राहावा म्हणून ही अट थोडी सैल करू आणि ‘आपल्या विभागाबाहेरचा’ एवढंच म्हणू. प्रत्येक विभाग आपला एक मुख्य पेपर घेतो आणि बाहेरच्यांसाठी एक ओई. असे एकूण आठ पेपर.

आता क्लॅश कुठे कुठे आहे? अर्थशास्त्राचे विद्यार्थी इतिहास, भूगोल आणि मराठी या तिन्ही विभागांच्या ओईला पांगलेले आहेत. त्यामुळे अर्थशास्त्राचा मुख्य पेपर या तीन ओईंपैकी एकाच्याही वेळी ठेवता येत नाही. पण अर्थशास्त्राच्या स्वतःच्या ओईशी त्याचं काही वैर नाही, कारण तिथे अर्थशास्त्राचं कोणी बसलेलंच नाही. दोन मुख्य पेपर एकमेकांशी भिडत नाहीत, दोन ओईही भिडत नाहीत, कारण प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही प्रकारांतला एकेकच पेपर आहे. थोडक्यात, प्रत्येक पेपरला नेमके तीन शत्रू आहेत.

परीक्षा विभागात वेळापत्रक लावायला बसलेला माणूस सहसा एक सरळ रीत वापरतो. पेपरांची यादी समोर घ्यायची आणि वरून खाली यायचं. हातातला पेपर ज्या सगळ्यांत आधीच्या स्लॉटमध्ये क्लॅश न होता बसेल तिथे टाकायचा आणि पुढे जायचं. एकदा टाकलेला पेपर हलवायचा नाही. कुठल्याच स्लॉटमध्ये बसत नसेल तरच नवा स्लॉट उघडायचा. या रीतीला संगणकशास्त्रात ‘ग्रीडी’ म्हणतात: पुढचा विचार नाही, समोर दिसतंय त्यातलं स्वस्तातलं उचलायचं.

यादी कशी असते? अर्थातच विभागवार. विषयांचे कोडही त्याच क्रमाने दिलेले असतात. अर्थशास्त्र मुख्य, अर्थशास्त्र ओई, इतिहास मुख्य, इतिहास ओई, आणि असंच पुढे. चालवून बघू.

अर्थशास्त्र मुख्य पहिल्या स्लॉटमध्ये जातो. अर्थशास्त्र ओईचा त्याच्याशी क्लॅश नाही, म्हणून तोही पहिल्यातच. इतिहास मुख्य आला. पहिल्या स्लॉटमध्ये अर्थशास्त्राचा ओई बसलाय आणि इतिहासाची काही मुलं त्याला आहेत. तेव्हा दुसरा स्लॉट उघडला. इतिहास ओईला पहिल्या स्लॉटमधला अर्थशास्त्र मुख्य आडवा येतो, म्हणून तोही दुसऱ्यात. भूगोल मुख्यला पहिल्यातला ओई नडतो, दुसऱ्यातलाही ओई नडतो, तिसरा स्लॉट. भूगोल ओईला पहिले दोन मुख्य नडतात, तोही तिसऱ्यात. मराठीचे दोन्ही पेपर चौथ्यात. चार विभाग, चार स्लॉट. वेळापत्रक बरोबर आहे, एकाही विद्यार्थ्याचा क्लॅश नाही, आणि नोटीस बोर्डावर लावायला काही हरकत नाही.

आता फक्त यादी बदलू, रीत तीच. आधी चारही मुख्य पेपर, मग चारही ओई. मुख्य पेपरांचं आपसांत काही भांडण नाही, ते चारही पहिल्या स्लॉटमध्ये जातात. ओई कुठलाही घ्या, पहिल्या स्लॉटमध्ये त्याला नडणारे मुख्य आहेतच. तो दुसऱ्यात जातो, आणि चारही ओई तिथे सुखाने नांदतात. परीक्षा दोन स्लॉटमध्ये संपली.

हेच कॉलेज बारा विभागांचं असतं तर विभागवार यादीने बारा स्लॉट लागले असते आणि दुसऱ्या यादीने तरीही दोनच. म्हणजे कॉलेज जितकं वाढेल तितका नुसत्या क्रमामुळे होणारा फरक वाढत जातो. त्याला वरची मर्यादाच नाही.

चूक नेमकी कुठे झाली, हे पाहण्यासारखं आहे, कारण ती दिसत नाही. विभागवार यादीत घात झाला तो दुसऱ्याच पायरीला, अर्थशास्त्राचा ओई अर्थशास्त्र मुख्यशेजारी बसवला तेव्हा. त्या क्षणी कोणाचीच तक्रार नव्हती. पण त्या एका जोडीने पहिल्या स्लॉटला कुलूप लागलं. तिथे आता एक मुख्य आहे आणि एक ओईही. पुढून येणारा पेपर मुख्य असेल तर आतला ओई त्याला अडवतो, ओई असेल तर आतला मुख्य अडवतो. प्रत्येक विभाग असाच येतो, दोन पेपरांत एक स्लॉट बंद करतो आणि पुढच्याला नवा उघडायला लावतो. ग्रीडी रीत मागे वळून पाहत नसल्यामुळे ही जोडी कधी सुटतच नाही.

गणितात या सगळ्याचं चित्र काढतात. प्रत्येक पेपर म्हणजे एक बिंदू. ज्या दोन पेपरांना एक तरी विद्यार्थी सामाईक आहे, त्या बिंदूंमध्ये रेघ. आता बिंदूंना रंग द्यायचे, पण रेघेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग चालणार नाही. रंग म्हणजे स्लॉट. अशा चित्राला ग्राफ म्हणतात आणि या कोड्याला ग्राफचं रंगांकन. आपल्या आठ पेपरांचा ग्राफ या विषयाच्या पुस्तकांत नेहमी भेटतो. ग्रीडी रीत किती वाईट वागू शकते हे दाखवायला तो वापरतात आणि मुकुटासारखा दिसतो म्हणून त्याला क्राउन ग्राफ म्हणतात. तो बहुधा मुद्दाम रचलेला वाटतो. पण विभागाबाहेरचा विषय घ्या, एवढ्या एका नियमातून तो आपोआप तयार होतो, आणि ऑफिसातली यादीही नेमकी वाईट क्रमानेच लावलेली असते.

मग चांगला क्रम नेहमी असतोच का? असतो, आणि हे पटवून देणं सोपं आहे. समजा कोणी तरी कमीत कमी स्लॉटचं वेळापत्रक आधीच करून ठेवलंय. त्याच्या पहिल्या स्लॉटमधले सगळे पेपर यादीत वर लिहा, त्याखाली दुसऱ्या स्लॉटमधले, मग तिसऱ्यातले. या यादीवर ग्रीडी रीत चालवली तर पहिल्या गटातले सगळे पहिल्या स्लॉटमध्ये मावतात, दुसऱ्या गटातला पेपर फार तर दुसऱ्यात जातो, तिसऱ्यातला फार तर तिसऱ्यात. उत्तर मूळ वेळापत्रकापेक्षा वाईट येऊच शकत नाही. म्हणजे दोष ग्रीडी रीतीचा नाही, योग्य यादी तिच्या हातात द्यायची असते. गोम अशी की ती यादी मिळवायला आधी उत्तर ठाऊक हवं.

सगळे क्रम तपासून पाहू म्हटलं तर आठ पेपरांचेच ४०,३२० क्रम होतात. तेवढे संगणक क्षणात करेल. पण वीस पेपरांचे क्रम म्हणजे २४३ वर सोळा शून्यं. तिथे हा मार्ग संपतो. याहून शहाणा, आणि नेहमी कमीत कमी रंग झटपट सांगणारा मार्ग आजवर कोणाला सापडलेला नाही. रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये अवघड कोड्यांची जी प्रसिद्ध यादी मांडली, तिच्या एकवीस कोड्यांत रंगांकनही होतं. त्यामुळे व्यवहारात प्रश्न उरतो तो असा: उत्तर माहीत नसताना बऱ्यापैकी क्रम कसा लावायचा?

पहिलं सुचणारं उत्तर म्हणजे भांडखोर पेपर आधी. ज्याचे क्लॅश जास्त, तो यादीत वर. १९६७ साली डॉमिनिक वेल्श आणि एम. बी. पॉवेल यांनी ‘द कम्प्युटर जर्नल’मध्ये हीच कल्पना मांडली. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच वेळापत्रकांचा उल्लेख आहे, म्हणजे हे केवळ कागदावरचं गणित नव्हतं. कारण साधं आहे. सक्तीच्या इंग्रजीसारखा पेपर शेवटी घेतला तर तोवर प्रत्येक स्लॉटमध्ये त्याचा कोणी ना कोणी शत्रू बसलेला असतो. तोच आधी बसवला तर बाकीचे त्याच्या सोयीने बसतात, आणि ज्यांचे क्लॅश मोजकेच आहेत ते शेवटी आले तरी कुठे ना कुठे मावतात.

या क्रमातून एक हमीही मिळते. समजा तीस पेपर आहेत आणि त्यांतल्या सहाच पेपरांचे क्लॅश सहा किंवा अधिक आहेत. हे सहा आधी घेतले तर त्यांना फार तर सहा स्लॉट लागतील, कारण पेपरच सहा आहेत. उरलेल्या चोवीस पेपरांना प्रत्येकी जास्तीत जास्त पाच शत्रू. पाच शत्रू पाच स्लॉट अडवतील, सहावा मोकळा मिळेलच. म्हणजे वेळापत्रक सहा स्लॉटच्या वर जाणार नाही, हे एकही पेपर न बसवता सांगता येतं. मला हा या विषयातला सगळ्यांत देखणा युक्तिवाद वाटतो, कारण तो नुसत्या बेरजेच्या जोरावर उभा आहे.

पण आपल्या चार विभागांच्या कॉलेजात तो कामाचा नाही. तिथे प्रत्येक पेपरचे क्लॅश तीनच आहेत. सगळेच सारखे भांडखोर असतील तर त्या निकषाने यादी हलतच नाही, ती विभागवार होती तशीच राहते, आणि आपण पुन्हा चार स्लॉटवर. ‘जास्त क्लॅशवाला आधी’ हा नियम सॉफ्टवेअरमध्ये टाकला म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी बरोबरीच्या वेळी तो काय करतो हे एकदा पाहून घ्यावं. बहुतेक वेळा तो गुपचूप कोड नंबरचा क्रम पाळतो.

यावरचा तोडगा १९७९ साली दानिएल ब्रेलाझ यांनी दिला. (हे गृहस्थ त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या संसदेवर निवडून गेले आणि पुढे लोझान शहराचे महापौर झाले. वेळापत्रकवाल्यांत असे कमीच.) त्यांचं म्हणणं असं की यादी आधी पक्की करूच नका. प्रत्येक पेपर बसवल्यावर उरलेल्यांकडे पुन्हा बघा आणि ज्याच्यासाठी सगळ्यांत जास्त वेगवेगळे स्लॉट बंद झाले आहेत, तो पुढे घ्या. एकूण शत्रू किती यापेक्षा आत्ता कोंडी कोणाची झाली आहे, हे महत्त्वाचं.

त्याच कॉलेजात हे चालवू. अर्थशास्त्र मुख्य पहिल्या स्लॉटमध्ये बसला. आता कोंडी कोणाची? अर्थशास्त्र ओईची नाही, त्याच्यासाठी काहीच बंद झालेलं नाही. इतिहास, भूगोल, मराठी यांच्या ओईंसाठी मात्र पहिला स्लॉट बंद झाला. म्हणून यादीत पुढचाच असलेला अर्थशास्त्र ओई या खेपेला थांबतो आणि इतिहास ओईचा नंबर लागतो. तो दुसऱ्या स्लॉटमध्ये जातो. त्यामुळे भूगोल आणि मराठी मुख्यला दुसरा स्लॉट बंद झाला. भूगोल मुख्य पहिल्यात जातो. आता अर्थशास्त्र ओईला भूगोल मुख्यने पहिल्यातून हाकललं, तो आपसूक दुसऱ्यात. असं करत सगळे मुख्य पहिल्यात आणि सगळे ओई दुसऱ्यात येतात. जी घातक जोडी विभागवार यादीने दुसऱ्या पायरीला जुळवली होती, ती इथे जुळायची वेळच येत नाही. पेपरांचे असे दोन गट पडत असतील आणि क्लॅश फक्त एका गटातून दुसऱ्यात जात असतील, तर ब्रेलाझ यांची रीत नेहमी दोनच रंगांत काम संपवते, हे सिद्ध झालेलं आहे. त्यापलीकडच्या ग्राफवर मात्र तशी हमी नाही.

हातात आलेलं उत्तर चांगलं आहे की नाही, हे ओळखायचं कसं? एक खूण स्वस्तातली आहे. एखाद्या विद्यार्थ्याला पाच पेपर असतील तर पाच स्लॉट लागणारच. व्यापक करून सांगायचं तर असा पेपरांचा गट शोधायचा ज्यातला प्रत्येक पेपर बाकी प्रत्येकाशी भिडतो. त्या गटात जितके पेपर, तितके स्लॉट अटळ. वेळापत्रक तेवढ्याच स्लॉटचं असेल तर काम संपलं, आणखी शोधायचं कारण नाही. आपल्या कॉलेजात प्रत्येकाला दोन पेपर आहेत आणि उत्तर दोन स्लॉटचं आहे, त्यामुळे ते सर्वोत्तम आहे याबद्दल शंका नाही. उलट, चार स्लॉटचं वेळापत्रक पाहिल्यावर ही खूण विचारते की मधले दोन स्लॉट कुठून आले. पण तफावत दिसली म्हणजे चूक झालीच असंही नाही. पाच विषय गोलाकार मांडा आणि शेजारशेजारच्या प्रत्येक जोडीला एकेक विद्यार्थी द्या. कोणालाही दोनच पेपर आहेत, तरी दोन स्लॉटमध्ये हे बसत नाही. आलटून पालटून रंग देत गेलात की पाचवा पहिल्यावर आदळतो आणि तिसरा स्लॉट लागतो.

खऱ्या कॉलेजात ग्राफ इतका नीटनेटका नसतो, आणि त्याला बिघडवायला एक मुलगा पुरतो. समजा कोणी इतिहास सोडून अर्थशास्त्राला आला आणि त्याची इतिहास मुख्यची एटीकेटी राहिली. यंदा त्याला अर्थशास्त्र मुख्य आहे, इतिहास मुख्य आहे आणि ओई म्हणून भूगोल. दोन मुख्य पेपरांमध्ये कधी नव्हती ती रेघ आली. हे तीनही पेपर आता आपसांत भिडतात, म्हणजे स्लॉट तीन हवेत. एका मुलासाठी २४० जणांच्या परीक्षेचा एक स्लॉट वाढला. क्लॅशची तपासणी नुसत्या अभ्यासक्रमाच्या तक्त्यावरून करून चालत नाही, भरलेल्या परीक्षा अर्जांवरून करावी लागते ती यासाठी. आणि एखादी रेघ एकाच विद्यार्थ्यामुळे आली असेल तर ती यादीत वेगळी काढून ठेवणं शहाणपणाचं. अख्खं वेळापत्रक हलवायचं की त्या मुलाची स्वतंत्र सोय करायची, हा निर्णय माणसाने घ्यायचा आहे. ग्राफला एक विद्यार्थी आणि शंभर विद्यार्थी सारखेच दिसतात.

दुसरी एक गोष्ट ग्राफला अजिबात दिसत नाही, ती म्हणजे बाकं. दोन स्लॉटच्या वेळापत्रकाचं इतकं कौतुक केलं, पण त्यात सगळे मुख्य पेपर एकाच वेळी आहेत. म्हणजे २४० विद्यार्थी एकदम, २४० बाकं, तितके ब्लॉक आणि तितके सुपरवायझर. चार स्लॉटच्या ‘वाईट’ वेळापत्रकात प्रत्येक वेळी एका विभागाचे साठ आणि एका ओईचे, सारखे वाटले गेले असतील तर, साठ. १२० बाकांत भागतं. कॉलेजात दीडशेच बाकं असतील तर कमी रंगांचं वेळापत्रक कागदावरच राहणार. ग्रीडी रीतीची खोडच ही आहे. ‘सगळ्यांत आधीचा स्लॉट’ म्हटल्यामुळे पहिले स्लॉट ठासून भरतात आणि शेवटच्यांत दोन-दोन पेपर लोळत पडतात. म्हणून प्रत्यक्षात नियम थोडा वाकवतात. जे स्लॉट क्लॅशच्या दृष्टीने मोकळे आहेत, त्यांत सगळ्यांत आधीचा न घेता ज्यात पेपरभर बाकं शिल्लक आहेत असा निवडतात.

मोठ्या प्रमाणावर हे कसं दिसतं, याची खरी आकडेवारी उपलब्ध आहे. मायकेल कार्टर, गिल्बर्ट लापोर्त आणि सॉ यान ली यांनी १९९६ मध्ये परीक्षा-वेळापत्रकांवर एक लेख प्रसिद्ध केला आणि त्यासोबत खऱ्या संस्थांच्या तेरा परीक्षांची माहिती सर्वांना वापरायला खुली केली. या संचाला आज ‘टोरांटो’ म्हणून ओळखतात. त्यातली एक परीक्षा माँट्रियलच्या व्यवस्थापन महाविद्यालयाची आहे: ८१ पेपर, २,८२३ विद्यार्थी, १८ स्लॉट. तिथे कुठलेही दोन पेपर उचला, ते भिडण्याची शक्यता शंभरात बेचाळीस. दुसऱ्या एका परीक्षेत एका विद्यापीठाचे ६८२ पेपर आणि सुमारे सतरा हजार विद्यार्थी आहेत. या तिघांनी क्रम लावायचे निरनिराळे निकष या परीक्षांवर एकामागून एक चालवून पाहिले: जास्त क्लॅशवाला आधी, जास्त विद्यार्थ्यांचा आधी, ज्याची कोंडी झाली तो आधी. सगळ्या परीक्षांवर जिंकणारा एकच निकष निघाला नाही.

आणि त्यांनी गुण दिले ते नुसत्या कमी स्लॉटला नव्हे. स्लॉट किती हे आधीच ठरलेलं धरून विद्यार्थ्याला दोन पेपरांमध्ये किती उसंत मिळते तेही मोजलं. एकाच विद्यार्थ्याचे दोन पेपर लागोपाठच्या स्लॉटमध्ये आले तर १६ दंडगुण, मध्ये एक स्लॉट मोकळा असेल तर ८, मग ४, २, १, आणि त्याहून लांब असतील तर शून्य. ही बेरीज विद्यार्थ्यांच्या संख्येने भागायची. रंगांच्या खेळात पहिला रंग आणि नववा रंग यांत काहीच फरक नव्हता. क्लॅश नाही म्हणजे झालं. इथे मात्र तिसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये पेपर असलेल्या मुलाचे १६ गुण होतात, आणि चौथ्या स्लॉटमधले सगळे पेपर जसेच्या तसे उचलून नवव्यात नेले, नवव्यातले चौथ्यात आणले, तर त्याचे शून्य होतात. एकही नवा क्लॅश तयार होत नाही. फक्त ज्यांचा दुसरा पेपर आठव्यात किंवा दहाव्यात होता, त्यांच्या वाट्याला ते १६ जातात, आणि मग अठरा स्लॉटांच्या क्रमाची शोधाशोध नव्याने सुरू होते.